चालणारे चार नापास, बंद पडलेले सहा पास : परीक्षा विभागास खुले पत्र

माननीय परीक्षा विभाग आणि शाळा तपासणी पथक यांस,

सादर नमस्कार.

आमच्या शाळेच्या संगणक कक्षाची तपासणी झाली, त्याचा अहवाल आला. संगणक दहा. परीक्षेचे सॉफ्टवेअर दहाही संगणकांवर उपलब्ध. त्यांपैकी चारांवर आवृत्ती जुनी आढळली, संबंधित शिक्षिकेने खुलासा करावा. ती संबंधित शिक्षिका मी. खुलासा मुख्याध्यापकांमार्फत रीतसर पाठवला आहे. पण खुलाशाच्या रकान्यात जेमतेम चार ओळी मावतात आणि सांगायचे आहे ते त्याहून बरेच जास्त आहे. शिवाय ज्यांची मुले या संगणकांवर परीक्षा देणार आहेत त्या पालकांनीही हे वाचावे असे मला वाटते. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

आधी मुख्य गोष्ट सांगते. ज्या चार संगणकांवर तुम्हाला ‘जुनी आवृत्ती’ सापडली, त्याच चारांवर आज मूल बसून परीक्षा देऊ शकते. उरलेल्या सहांच्या पडद्यावर सॉफ्टवेअरचे चिन्ह आहे. त्यावर क्लिक केले की चूक दाखवणारी चौकट उघडते आणि पुढे काहीही होत नाही. अहवालात त्या सहांपुढे ‘होय’ लिहिले आहे.

हे असे कसे झाले ते क्रमाने सांगते.

मी विज्ञान आणि गणित शिकवते. संगणक कक्ष ही माझी जादा जबाबदारी. शाळेला स्वतंत्र संगणक शिक्षक नाही. कक्षातले संगणक विंडोज ७ चे, ३२ बिटचे, प्रत्येकी २ जीबी मेमरीचे. विंडोज ७ ला बनवणाऱ्या कंपनीने १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेची अद्यतने देणे थांबवले, हे जगजाहीर आहे. यंत्रे जुनी आहेत हे तुम्हालाही ठाऊक आहे, कारण दर वर्षी त्यांची यादी आमच्याकडून भरून घेतली जाते. तरीही सॉफ्टवेअर बसवण्याचे पत्र आले तेव्हा त्यात एक दुवा होता, तपासणीची तारीख होती आणि ‘सर्व संगणकांवर’ हे शब्द ठळक होते. कोणत्या यंत्रावर ते चालेल याबद्दल एक ओळही नव्हती. दुव्यावरची फाइल ६४ बिटची निघाली, म्हणजे आमच्याकडे ती उघडणारच नव्हती. ३२ बिटची फाइल आहे, पण ती मदतकक्षाला फोन केल्यावरच मिळते, हे मला शेजारच्या गावातल्या एका शिक्षकाकडून कळले. यावर जास्त लिहीत नाही. एका वाक्याने टळणारा त्रास होता, इतकेच.

खरी कथा पुढे आहे.

३२ बिटची फाइल मिळाली, सॉफ्टवेअर बसले, पण काही संगणकांवर लॉगिन होईना. पडद्यावर संदेश येई: ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही. इंटरनेट तपासा.’ मदतकक्षाचे उत्तरही तेच, इंटरनेट जोडणी बदलून पाहा. मुख्याध्यापक सर नव्या जोडणीसाठी अर्ज लिहायला बसले होते. पण एक गोष्ट पटत नव्हती. एकाच नेटवर्क स्विचला जोडलेले दोन संगणक शेजारी शेजारी असताना एक लॉगिन होतो आणि दुसरा होत नाही, तर दोष इंटरनेटचा कसा? मी अडलेल्या संगणकावर ब्राउझर उघडून एक साधे संकेतस्थळ पाहिले. तिथे वेगळाच संदेश आला: `NET::ERR_CERT_DATE_INVALID`. यात तारखेचा उल्लेख आहे. पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले तर तारीख होती १ जानेवारी २००९.

संगणक बंद असतानाही त्याचे घड्याळ चालू राहते ते मदरबोर्डवरच्या एका लहान, नाण्याएवढ्या सेलवर. क्रमांक सीआर २०३२, तीन व्होल्टचा. प्लगमध्ये वीज असली की पॉवर सप्लायमधून थोडा प्रवाह बोर्डाला मिळत राहतो आणि सेल फारसा खर्च होत नाही. आमच्या कक्षाचा मुख्य स्विच मात्र सुरक्षेच्या सूचनेप्रमाणे रोज संध्याकाळी बंद होतो, सुट्टीत तर आठवडेच्या आठवडे. तेवढा सगळा वेळ घड्याळाचा भार एकट्या सेलवर. काही वर्षांनी सेल संपतो आणि दर सकाळी यंत्र कारखान्यातल्या मूळ तारखेवर जागे होते. सुरू होताना काळ्या पडद्यावर `CMOS checksum error - Defaults loaded` अशी ओळ येते आणि एफ-१ दाबायला सांगितले जाते. आमच्या मुलांना ते इतके सवयीचे झाले आहे की संगणक एफ-१ दाबूनच सुरू करायचा असतो, असा त्यांचा समज आहे.

आता तारखेचा आणि लॉगिनचा संबंध. सर्व्हर आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवतो. ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, हे त्यातच लिहिलेले असते. संगणक ती मुदत स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २००९ सालात असेल तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून लागूच झालेले नाही. म्हणून तो जोडणी नाकारतो. जोडणी नाकारली आमच्याच संगणकाने, कारण होते तारीख, आणि तुमचे सॉफ्टवेअर सांगते की इंटरनेट तपासा. ब्राउझरला खरे कारण कळते, तर परीक्षेच्या सॉफ्टवेअरला का कळू नये?

कोणी म्हणेल, विंडोज वेळ आपोआप जुळवते. जुळवते, पण मर्यादेत. शाळेतल्यासारख्या सुट्या संगणकावर फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल तर विंडोज मूळ सेटिंगनुसार तो दुरुस्त करायला नकार देते. वर्षांचा फरक असला तर प्रश्नच मिटला. म्हणून आधी तारीख आणि वर्ष हाताने बरोबर करायचे, आणि मग प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड खिडकीत या दोन ओळी द्यायच्या:

```
net start w32time
w32tm /resync
```

सेवा आधीच सुरू असेल तर पहिली ओळ तसे सांगते, त्याने बिघडत काही नाही. हे केल्यावर लॉगिन झाले. दुसऱ्या सकाळी मुख्य स्विच लावला आणि यंत्रे पुन्हा २००९ मध्ये. खरा उपाय सेल बदलण्याचाच होता. प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आणून मोजले. नव्या सेलवर तीन व्होल्टच्या आसपास आकडा येतो, आमच्या संपलेल्या सेलवर दोनही येईना. वीज पूर्ण तोडून, कॅबिनेट उघडून, बाजूची पट्टी दाबली की जुना सेल वर येतो. नवा बसवताना अधिक चिन्ह वरच्या बाजूला. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तारीख भरायची. दहावीतल्या दोन मुली हे काम माझ्यापेक्षा चपळाईने करू लागल्या.

सेल आमचा, तो संपला याचा दोष मी तुम्हाला देत नाही. तक्रार वेगळी आहे. समजा, सेल संपलेल्या अशा संगणकावर मूल परीक्षा देते आहे आणि मध्येच वीज गेली. वीज परत आल्यावर यंत्र पुन्हा २००९ मध्ये उठेल, सॉफ्टवेअर सांगेल इंटरनेट तपासा, आणि पर्यवेक्षक केबल हलवत बसतील. मुलाची वेळ जात राहील. तारीख चुकली आहे एवढे एक वाक्य पडद्यावर आले असते तर कोणत्याही शिक्षकाने ती मिनिटभरात दुरुस्त केली असती.

दुसरा अडथळा याच जातीचा होता, थोडक्यात सांगते. सॉफ्टवेअर चालायला मायक्रोसॉफ्टचे डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ हे आधाराचे सॉफ्टवेअर आधी बसवावे लागते. विंडोज ७ वर, सर्व्हिस पॅक १ असेल तर, ते चालते. पण आमचे काही संगणक कित्येक वर्षे इंटरनेटला जोडलेलेच नव्हते आणि त्यांच्यावर फ्रेमवर्क बसवताना हा संदेश येऊन काम थांबे: `A certificate chain could not be built to a trusted root authority.` म्हणजे फाइल खरी कंपनीचीच आहे हे पडताळण्यासाठी लागणारे मूळ प्रमाणपत्र त्या संगणकाकडे नाही. ते पेन ड्राइव्हवर आणून, प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड खिडकीत असे बसवावे लागते:

```
certutil -addstore root MicrosoftRootCertificateAuthority2011.cer
```

ही एक ओळ आणि ती छोटी फाइल तुमच्या सूचनापत्राबरोबर यायला हवी होती. मला ती शोधत रात्री बसावे लागले, आणि मला इंग्रजी संदेश वाचून त्याचा अर्थ लावता येतो म्हणून सापडली. ज्या शाळेत हे काम भाषा शिकवणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या गुरुजींकडे आहे त्यांनी काय करायचे?

असो. तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी दहाही संगणकांवर लॉगिन होत होते. आठवीच्या मुलांनी सरावाची प्रश्नपत्रिका सोडवली, उत्तरे जमा झाली, गुण दिसले. त्यानंतर मागच्या बाकावरचे विजेचे बोर्ड बिघडले, म्हणून तिथले चार संगणक बंद ठेवले. पुढचे सहा मी मुद्दाम चालू ठेवून तास घ्यायला गेले.

परत आले तेव्हा त्या सहांवर सॉफ्टवेअरने स्वतःला अद्ययावत करून घेतले होते. विचारले नाही, सांगितले नाही. चिन्हावर क्लिक केले की आता हे येत होते:

```
The procedure entry point GetSystemTimePreciseAsFileTime
could not be located in the dynamic link library KERNEL32.dll.
```

ज्यांनी हे सॉफ्टवेअर बनवले त्यांना याचा अर्थ तत्काळ कळेल, इतरांसाठी सांगते. प्रोग्रॅम सुरू होताना विंडोजकडे काही तयार फंक्शन मागतो. हे त्यांपैकी एक, अचूक वेळ सांगणारे. ते विंडोज ८ पासून आले. विंडोज ७ मध्ये ते नाहीच. त्यामुळे यात सेटिंग बदलून, परवानगी देऊन किंवा पुन्हा बसवून काही उपयोग होत नाही. यंत्रात बिघाड नाही, शिक्षिकेची चूक नाही. नवी आवृत्ती विंडोज ७ साठी बनवलेलीच नाही. नव्या साधनांनी प्रोग्रॅम बांधला की असे फंक्शन आपोआपही मागितले जाऊ शकते, लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पण त्यासाठीच आवृत्ती बाहेर सोडण्यापूर्वी एका जुन्या यंत्रावर ती उघडून पाहायची असते. (आधी घड्याळ आणि आता वेळ सांगणारे फंक्शन. वेळेनेच आमचा पिच्छा पुरवला होता.)

जुनी आवृत्ती परत बसवावी म्हटले तर तीही वाट बंद. मिळालेली फाइल छोटी होती. ती बाकीचा सगळा ऐवज इंटरनेटवरून ओढते, आणि आता नवीच आवृत्ती ओढू लागली होती. पुढे मागच्या बाकावरचे संगणक सुरू झाल्यावर त्यांतून संपूर्ण फोल्डर उचलून आणले, तर प्रत्येक संगणकाची नोंदणी वेगळी असल्याने ते चालेना. मदतकक्षाचा फोन त्या वेळी बंद झालेला होता.

वाचवण्यासारखे चारच उरले होते, बंद ठेवलेले. बोर्ड दुरुस्त झाल्यावर त्यांची नेटवर्क केबल काढून मगच ते सुरू केले. अद्ययावत करण्याचे काम, ठरलेली कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये स्वतंत्र नोंदलेले होते, ते निष्क्रिय केले आणि मग केबल लावली. लॉगिन झाले. तुमचा सर्व्हर जुन्या आवृत्तीलाही विनातक्रार उत्तर देतो आहे, हे इथे मुद्दाम नोंदवते. म्हणजे नवी आवृत्ती सक्तीची नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी पथक आले. आलेले साहेब सौजन्याने बोलले, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. त्यांना त्याच दिवशी आणखी शाळा करायच्या होत्या. त्यांच्या हातातल्या तक्त्यात दोन रकाने होते, सॉफ्टवेअर आहे का आणि आवृत्ती क्रमांक काय. आवृत्ती क्रमांक चिन्हावर उजवी कळ दाबून गुणधर्मात वाचता येतो, त्यासाठी सॉफ्टवेअर उघडावे लागत नाही. मी म्हटले, “साहेब, हे सहा उघडत नाहीत, एकदा क्लिक करून बघा.” ते म्हणाले, “बाई, उघडतंय का असा रकाना नाही माझ्याकडे. चिन्ह आहे ना, मग होय.” मग मागच्या चारांकडे वळले. तिथे मी सरावाची प्रश्नपत्रिका उघडून ठेवली होती. त्यांनी ती खाली केली, चिन्हाचे गुणधर्म पाहिले आणि लिहिले, आवृत्ती जुनी.

मी त्यांच्या जागी असते तर शेऱ्यात एक ओळ लिहिली असती. पण तक्ता त्यांनी बनवलेला नाही. तो विभागाने बनवला आहे, म्हणून हे पत्र विभागाला आहे. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचून रोगी बरा झाल्याची नोंद करावी, तशी ही तपासणी आहे. या तक्त्यांवरून तुमच्या कार्यालयात एक आकडा तयार होणार, इतके संगणक परीक्षेला सज्ज. त्या आकड्यात आमचे मेलेले सहा धरलेले असतील. त्याच आकड्यावरून आमच्या शाळेला एका वेळी दहा मुले बसवण्याचे वेळापत्रक येईल, आणि परीक्षेच्या सकाळी सहा मुले त्या चौकटीकडे पाहत बसतील.

आता मागण्या. मी नवे संगणक मागत नाही. ते यायचे तेव्हा येतील.

पहिली आणि सर्वांत तातडीची: विंडोज ७ वर चालणारी, ३२ बिटची शेवटची आवृत्ती संपूर्ण फाइलच्या रूपात उपलब्ध करून द्या, जी पेन ड्राइव्हवरून, इंटरनेटशिवाय बसते. डॉट नेट आणि मूळ प्रमाणपत्र तिच्यासोबतच असू द्या. विंडोज ७ ला यापुढे आधार देणे शक्य नसेल तर तेही स्पष्ट लिहून कळवा आणि अशा शाळांतील मुलांची परीक्षा कागदावर घ्या. दोन्हींपैकी काहीही चालेल, पण यंत्रावर न चालणारी गोष्ट बसवण्याचा आदेश देऊ नका.

दुसरी: परीक्षेच्या आधीचे १५ दिवस आणि परीक्षा संपेपर्यंत कोणतेही अद्यतन आपोआप पाठवू नका. सुरक्षेसाठी अगदी टाळता येत नसेल तर शाळेला आधी कळवा आणि मागच्या आवृत्तीवर परतण्याची सोय ठेवा.

तिसरी मागणी संदेशांबद्दल आहे. सुरू होताना सॉफ्टवेअरने संगणकाची तारीख पाहावी. ती स्वतःच्या आवृत्तीच्या तारखेपेक्षाही मागची असेल तर घड्याळ चुकले आहे, हे सांगायला इंटरनेटही लागत नाही. ‘या संगणकाची तारीख चुकीची आहे, दुरुस्त करा’ असे मराठीत लिहावे. प्रमाणपत्र नाकारले गेले असेल तर इंटरनेटवर खापर फोडू नये.

आणि तपासणीच्या तक्त्यात एकच रकाना वाढवा. संगणक मुख्य स्विचपासून बंद करून पुन्हा सुरू केला, सरावाची पाच प्रश्नांची प्रश्नपत्रिका सोडवली, उत्तरे सर्व्हरवर जमा झाली: होय किंवा नाही. बंद करून सुरू करणे वगळू नका, कारण संपलेला सेल तेव्हाच उघडा पडतो. दहा संगणकांवर दहा मुलांनी हे एकाच वेळी केले तर पथकाचा फार वेळ जाणार नाही. शिवाय सगळे एकदम जोडल्यावर आमचे इंटरनेट पुरते का, हेही त्यातच कळेल.

राहिला माझ्या खुलाशाचा प्रश्न. चार संगणकांवर जुनी आवृत्ती आहे, ती मी जाणूनबुजून ठेवली आहे. त्यांचे अद्ययावत होण्याचे काम टास्क शेड्युलरमध्ये बंद आहे आणि परीक्षा होईपर्यंत मी ते सुरू करणार नाही. हे नियमबाह्य वाटत असेल तर ते सुरू करण्याचा लेखी आदेश मला द्यावा आणि त्यानंतर आमच्या शाळेतील मुलांनी परीक्षा कोणत्या संगणकावर द्यायची, हेही त्याच आदेशात नमूद करावे.

आपली,
संगणक कक्षाची जादा जबाबदारी सांभाळणारी एक विज्ञान शिक्षिका